खाली दुकानं, वर फ्लॅट: सोलापुरातल्या सात मजली इमारतीचा फायर स्ट्रॅटेजी रिपोर्ट कसा लिहायचा

सोलापुरात आता जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड कुठंही बघा, एकच साचा दिसतो. खाली रस्त्याकडेला दुकानं, पहिल्या मजल्यावर कपड्याचं नाहीतर चादर-टॉवेलचं शोरूम, आणि त्याच्या डोक्यावर पाच मजले फ्लॅट. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले, तिथंही काम आणि राहणं एकाच इमारतीत होतं, त्यामुळं आता अग्निशमन विभागात मिक्स वापराची फाईल गेली की साहेब पहिला प्रश्न हाच विचारतात, "खाली आग लागली तर वरचा माणूस खाली कसा येणार?" तुमचा पूर्ण रिपोर्ट म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे, बाकी सगळं त्याचे पुरावे.

बहुतेक रिपोर्टांत मात्र काय असतं, तर पन्नास पानं, त्यातली चाळीस कोडमधून उतरवलेली, कुठंतरी दुसऱ्या इमारतीचं नाव राहून गेलेलं, आणि पंप-हायड्रंट-एक्स्टिंग्विशरची लांबलचक यादी. यादी लागतेच, पण यादी म्हणजे स्ट्रॅटेजी नाही. स्ट्रॅटेजी म्हणजे आग कुठं अडवणार आणि माणसं कुठून काढणार, आणि या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात तिथं काय करणार. या लेखात मी फक्त तेवढंच घेतोय, पंप आणि पाइपवर वेगळं लिहावं लागेल.

आधी इमारत एका पानात मांडा

उदाहरणाला एक इमारत धरू. तळमजला ३.९ मीटर, पहिला मजला ३.६, त्यावर पाच निवासी मजले प्रत्येकी २.९५, आणि जोतं ०.४५. बेरीज करा, गच्चीपर्यंत २२.७ मीटर. हा आकडा पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे आणि तो कुठून कुठपर्यंत मोजला तेही, कारण नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, म्हणजे एनबीसीच्या भाग ४ प्रमाणं १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच इमारतीत धरली जाते, आणि २४ मीटरच्या वर गेलं की रेफ्युज एरियाचा विषय चालू होतो. आपली इमारत या दोन्हीच्या मधे आहे. म्हणजे उंच इमारतीचे बरेचसे नियम लागतात पण रेफ्युज एरिया लागत नाही, म्हणजेच मधे थांबायला अधिकृत जागाच नाही, माणसाला जिन्यानं थेट खाली यायचं आहे. हे वाक्य रिपोर्टात असंच्या असं लिहा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे.

वापर पण साफ लिहा. तळमजल्यावर दुकानं ५१० चौरस मीटर, त्यांच्या मागं पार्किंग. पहिल्यावर शोरूम ४८० चौरस मीटर. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक मजल्यावर ४६० चौरस मीटर, चार-चार फ्लॅट. "कमर्शियल" एवढंच लिहून सोडू नका, शोरूममधे गठ्ठे किती रचणार, रॅक किती उंच, मागं गोडाऊन आहे का, हे विचारून घ्या. टेरी टॉवेलचे गठ्ठे आतून धुमसत राहतात आणि धूर प्रचंड करतात, आणि जिन्यातल्या माणसाला ज्वाळेआधी धूरच गाठतो.

कायद्याचा भाग एका परिच्छेदात उरका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, त्याचे २००९ चे नियम, २०२० ची युडीसीपीआर म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, आणि एनबीसी २०१६. कुठल्या मुद्द्याला कुठलं कलम धरलं ते त्या-त्या ठिकाणी लिहा, आणि दोन नियमांत फरक आला तर जो कडक आहे तो घेतला असं सांगून मोकळे व्हा. कलमं उतरवत बसू नका, साहेबांना ती तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतात.

लाल रेघ आणि हिरवी रेघ

आता मुख्य काम. प्रत्येक मजल्याच्या प्लॅनवर आणि निदान दोन सेक्शनवर दोन रेघा काढायच्या. जी भिंत, जो स्लॅब, जो दरवाजा १२० मिनिटं आग अडवणार आहे त्यावर जाड लाल रेघ. आणि माणूस जिथून चालत बाहेर पडणार ती वाट हिरवी, बाणासकट, शेवट रस्त्याला किंवा मोकळ्या जागेला लागेपर्यंत.

मग नियम सोपा आहे. लाल रेघ कुठंही तुटता कामा नये, ती फिरून जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे. हिरवी रेघ लाल रेघेला जिथं जिथं कापते तिथं फायर डोअर पाहिजे. पाइप, केबल, डक्ट लाल रेघेला कापतात तिथं फायर स्टॉप, म्हणजे आजूबाजूचं भोक बंद करून आग अडवणारा माल, पाहिजे. या दोन्हीत न बसणारं प्रत्येक भोक म्हणजे चूक. एवढं एक चित्र नीट काढलं की रिपोर्टाचे शब्द निम्म्यावर येतात, कारण तपासणारा माणूस बोट ठेवून रेघ फिरवून बघू शकतो. आणि सेक्शन विसरू नका, कारण आग आणि धूर वर चढतात, प्लॅनमधे सगळं बंद दिसतं आणि सेक्शन काढला की लिफ्टची शाफ्ट, इलेक्ट्रिकल डक्ट आणि शोरूममधली हौसेची मोकळी जागा ही तिन्ही भोकं एकदम उघडी पडतात.

कंपार्टमेंट: किती मोठं, कशाचं, आणि कुठं फुटतं

एनबीसीचा साधा हिशोब असा की मजला जास्तीत जास्त ७५० चौरस मीटरच्या कप्प्यात विभागायचा. स्प्रिंकलर असेल तर काही वापरांना सूट मिळते, दुकान आणि शोरूमसारख्या मर्कंटाइल वापराला २००० चौरस मीटरपर्यंत. कप्प्याची भिंत १२० मिनिटांची.

आपल्या इमारतीत तळमजला ५१०, पहिला ४८०, निवासी ४६०. सगळे ७५० च्या आत. मग विषय संपला का? नाही. शोरूमवाल्याला हमखास खालच्या दुकानातून वर जायला आतला शोभेचा जिना पाहिजे असतो, वर काचेचं रेलिंग, मधे झुंबर. त्या जिन्यासाठी स्लॅबमधे कट-आउट, म्हणजे मोकळी जागा सोडली की ५१० आणि ४८० मिळून एकच ९९० चौरस मीटरचा कप्पा झाला, कारण स्लॅबमधली लाल रेघ तिथं तुटली. स्प्रिंकलर नसेल तर हे ७५० च्या बाहेर गेलं, म्हणजे चालणार नाही. स्प्रिंकलर दोन्ही मजल्यांवर पूर्ण असेल तर २००० च्या आत बसतं, पण मग रिपोर्टात "तळ आणि पहिला मजला मिळून एक कप्पा, क्षेत्र ९९० चौरस मीटर, पूर्ण स्प्रिंकलर" असं उघड लिहावं लागतं आणि पहिल्या मजल्याचा वरचा स्लॅब हीच दुकानं आणि घरं यांच्यामधली एकमेव आडवी लाल रेघ उरते. माझं मत विचाराल तर कट-आउट टाळा. मालकाला पटत नसेल तर स्प्रिंकलरचा खर्च कागदावर मांडून दाखवा, बरेचदा झुंबर आपोआप रद्द होतं.

स्लॅबवर जरा थांबू, कारण इथं लोक बिनधास्त "आरसीसी आहे, दोन तास टिकेल" असं ठोकून देतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमधे दोन तासांसाठी स्लॅबची कमीत कमी जाडी १२५ मिलिमीटर सांगितली आहे, आणि सळईवरचं कव्हर सलग स्लॅबला २५, सुट्या टेकलेल्या स्लॅबला ३५. आपल्याकडं साइटवर भाषा चालते ती इंचात. पाच इंची स्लॅब म्हणजे १२७ मिलिमीटर, पास. साडेचार इंची म्हणजे ११४, तो दीड तासाच्या खान्यात जातो, दोनच्या नाही. आणि निवासी मजल्यांचे छोटे पॅनल साडेचार इंचीच टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एका पानाचं पत्र घ्या, त्यात प्रत्येक मजल्याच्या स्लॅबची जाडी, कव्हर, आणि कॉलमचं कमीत कमी माप, आणि ते रिपोर्टाला जोडा. हे स्लॅब पडायच्या आधी करायचं काम आहे, नंतर पत्र घेऊन काँक्रीट जाड होत नाही.

भिंतीला फारशी अडचण नाही. २३० मिलिमीटरची वीटबांधकामाची भिंत दोन्हीकडून प्लास्टर केलेली आरामात चालते. ब्लॉक वापरत असाल तर कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट घ्या, त्या जाडीचं, दुसऱ्या जाडीचं नको. आणि भिंत खालच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंत गेली पाहिजे. शोरूममधे भिंत फॉल्स सिलिंगला थांबते आणि वर दीड फूट मोकळं असतं, खालून काही दिसत नाही, धूर मात्र तिथूनच पलीकडं जातो. सिलिंगचा एक पॅनल उचलून बॅटरी मारून बघायचं.

आता शाफ्ट. इलेक्ट्रिकल शाफ्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅब पातळीला बंद करायची, १२० मिनिटांच्या फायर स्टॉपनं, आणि तिचा तपासणीचा दरवाजाही १२० मिनिटांचा. प्लंबिंगच्या शाफ्टमधे गंमत वेगळी आहे, पीव्हीसी पाइप आगीत वितळून जातो आणि त्याच्या मापाचं गोल भोक मागं सोडतो, म्हणून नुसतं आजूबाजूनं सिमेंट भरून भागत नाही, पाइपला फुगणारी कॉलर लागते जी तापली की फुगून वितळत्या पाइपला चिमटून भोक बंद करते. आणि तो पिवळा पीयू फोम! साइटवर तो सगळीकडं भरलेला असतो, बघायला एकदम भरगच्च, पण साधा फोम स्वतःच जळतो. लाल रेघेत एक भोक राहिलं म्हणजे टाकीला एक भोक राहिल्यासारखं आहे, बाकीच्या भिंती किती भारी आहेत याला मग काही अर्थ उरत नाही. म्हणून रिपोर्टात फायर स्टॉपचा तक्ता द्या: कुठल्या मजल्यावर, कुठली शाफ्ट, काय जातं त्यातून, कुठला माल, कुठल्या टेस्टचं सर्टिफिकेट. एक पान पुरतं.

बाहेर पडायची वाट: माणसं मोजा, मग रुंदी, मग अंतर

माणसं मोजायची पद्धत एनबीसीत ठरलेली आहे, अंदाजपंचे नाही. निवासीला १२.५ चौरस मीटरला एक माणूस. ४६० भागिले १२.५ म्हणजे ३६.८, धरा ३७ माणसं मजल्याला. रस्त्याच्या पातळीच्या दुकानाला ३ चौरस मीटरला एक, म्हणजे ५१० ला १७० माणसं. वरच्या मजल्यावरच्या विक्रीच्या जागेला ६ ला एक, म्हणजे शोरूमला ८०. दिवाळीत शोरूममधे जास्त गर्दी असते हे खरं, त्यामुळं मालकानं सांगितलेला आकडा मोठा असेल तर तो घ्या, लहान असेल तर कोडचा घ्या.

रुंदीला जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर आणि सपाट वाटेला, दरवाज्याला माणशी ६.५. दीड मीटरचा जिना म्हणजे १५० माणसं. इथं एक गोंधळ नेहमी दिसतो, लोक पाच मजल्यांची माणसं बेरीज करतात, १८५ होतात, आणि मग जिना अपुरा म्हणून घाबरतात. क्षमता मजल्यागणिक बघायची असते, कारण सगळे मजले एकाच क्षणाला एकाच पायरीवर येत नाहीत. ३७ माणसांना ३७० मिलिमीटर लागतात, आपल्याकडं एकेक जिना १५०० चा आहे. तरी मी रिपोर्टात एक ओळ मुद्दाम घालतो: एक जिना धुरानं भरून निकामी झाला तरी दुसरा एकटा त्या मजल्याला चार पटीनं पुरतो. साहेबांचा पुढचा प्रश्न तिथंच मिटतो.

मग अंतर. घरातल्या सगळ्यात लांबच्या बेडरूमच्या कोपऱ्यापासून जिन्याच्या दारापर्यंत ३० मीटरच्या आत. मोजायचं चालत्या माणसाच्या वाटेनं, भिंतीतून तिरकी पट्टी टाकून नाही. आपल्या इमारतीत फ्लॅटच्या आत १४ मीटर, मग पॅसेजमधून ८, एकूण २२. बसतंय. पॅसेजचं बंद टोक निवासीला १५ मीटरपर्यंत चालतं, आपलं ४ आहे. दोन जिने एकमेकांपासून किती लांब, हे पण बघतात. मजला २६ बाय १७.७ मीटर धरला तर तिरका कर्ण साधारण ३१.५ मीटर, स्प्रिंकलर नसेल तर दोन्ही दारांमधे त्याच्या निम्मं अंतर पाहिजे, म्हणजे १५.८ च्या आसपास. आपली दारं १७ मीटरवर. जागा वाचवायला दोन्ही जिने पाठीला पाठ लावून काढलेत तर कागदावर जिने दोन, पण धुराच्या दृष्टीनं एकच.

शोरूममधे अंतर मोजताना रॅक लावून मोजा. रिकाम्या हॉलमधे १८ मीटर असलेली वाट गठ्ठ्यांच्या रांगांतून वळणं घेत २८ होते.

जिने एकमेकांत मिसळू देऊ नका

ही या पूर्ण रिपोर्टाची कळीची जागा. निवासी मजल्यांना अ आणि ब हे दोन जिने. हे दोन्ही तळमजला आणि पहिला मजला यांच्यामधून खाली जातात, पण तिथं त्यांना एकही दरवाजा नाही, एकही खिडकी दुकानाकडं नाही, नुसती सलग लाल भिंत. शोरूमला स्वतःचे क आणि ड, वेगळे. क आतला, दीड मीटरचा, थेट रस्त्याला. ड मागच्या बाजूला बाहेरून.

हे सांगितलं की मालक हमखास उसळतात. "काय बे हे, चार जिने? इमारत बांधायलोय का जिने बांधायलोय?" मग समजावून सांगायचं, की अण्णा, शोरूमचा दुसरा दरवाजा तुम्ही ब जिन्यात काढला तर एक जिना वाचतो, पण ज्या दिवशी शोरूममधे आग लागेल त्या दिवशी त्यातूनच ऐंशी गिऱ्हाइकं पळणार, दार उघडंच राहणार, आणि सहाव्या मजल्यापर्यंतचा जिना दोन मिनिटांत धुराड्यासारखा होणार. मग राहिला एकटा अ. बाहेरचा ड जिना लोखंडी चालतो, १.२५ मीटर रुंद, पायरीची रुंदी २५० मिलिमीटर, उंची १९० पेक्षा जास्त नाही, उतार ४५ अंशाच्या आत, त्यामुळं खर्च वाटतो तेवढा नसतो. अट एकच कडक आहे, त्या जिन्याला लागून किंवा त्याखाली कुठलीही खिडकी, एसीचं तोंड, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट नको. मागच्या बाजूला आधी हेच सगळं काढलेलं असतं, म्हणून ड जिना प्लॅनमधे सुरुवातीलाच बसवा.

लिफ्टचंही तसंच. आपल्याकडं जिना लिफ्टला वळसा घालून नेतात नाहीतर लिफ्ट थेट जिन्याच्या लँडिंगवर उघडते. लिफ्टची शाफ्ट म्हणजे तळापासून वरपर्यंत एक उभी नळी, तिचं दार जिन्यात उघडलं की नळी जिन्यात उघडली. लिफ्ट लॉबी आणि जिना यांच्यामधे फायर डोअर टाका, आणि शोरूमच्या पातळीला निवासी लिफ्टचं दार देऊच नका.

खाली उतरल्यावर पुढं काय, इथं हिरवी रेघ बहुतेक रिपोर्टांत गायब होते. अ जिना थेट बाजूच्या मोकळ्या जागेत उघडतो, ठीक. ब जिना मात्र पार्किंगमधे उतरतो, म्हणजे माणूस धुरातून सुटून चार्जिंगला लावलेल्या स्कूटरींच्या मधे आला. तिथं जिन्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत दीड मीटर रुंदीचा बंदिस्त पॅसेज काढला, दोन्हीकडं १२० मिनिटांची भिंत, तेव्हा कुठं रेघ पूर्ण झाली. त्यात दोन बाइकींची जागा गेली, गेली तर गेली.

आणि मीटर! जिन्याखालच्या जागेत सगळ्या फ्लॅटचे मीटर लावायचे ही आपली जुनी सवय, आणि त्याच्यासारखी वाईट जागा दुसरी नाही. सोलापूरच्या मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशात सगळ्यांचे एसी चालू, केबल तापलेली, आणि ती पेटली तर बरोबर उतरायच्या वाटेवर. जिन्यात इलेक्ट्रिकल पॅनल नको, गॅसची पाइप नको. मीटर रूम बाहेरच्या भिंतीला, दार बाहेरून.

दरवाज्यांचा तक्ता

लाल आणि हिरव्या रेघेची प्रत्येक भेट म्हणजे एक दरवाजा, त्याला नंबर द्या. आपल्या इमारतीत निवासी पाच मजल्यांवर जिन्याचे दोन-दोन म्हणजे १०, शिवाय लिफ्ट लॉबीचे, शोरूममधून क आणि ड कडं जाणारे दोन, शाफ्टचे वेगळे. प्रत्येकापुढं लिहा: माप, १२० मिनिटं, कुठल्या बाजूला उघडतो, दार आपोआप बंद करणारा क्लोजर आहे का, सर्टिफिकेट नंबर. मोकळी रुंदी १ मीटरपेक्षा कमी नको, उंची २ मीटर, आणि उघडताना जाणाऱ्याच्या दिशेनं, पण उघडलेल्या पानानं लँडिंग अडता कामा नये.

सर्टिफिकेट बघताना दोन गोष्टी बघा. आयएस ३६१४ प्रमाणं टेस्ट झालेली असावी आणि टेस्ट झालेल्या दरवाज्याचं माप तुमच्या दरवाज्याएवढं किंवा मोठं असावं. एकेरी पानाची टेस्ट दाखवून दुहेरी पानाचा दरवाजा विकणारे आहेत. क्लोजर, बिजागऱ्या, काच हे सगळं त्याच टेस्टमधलं पाहिजे, गावातल्या हार्डवेअरमधून स्वस्तातली बिजागरी लावली की ते दार नुसतं जड लोखंडी दार झालं.

रिपोर्टाची भाषा

साध्या वाक्यात, मोजता येईल असं लिहा. "योग्य ती उपाययोजना करण्यात येईल" असली वाक्यं दिसली की साहेब लाल पेन काढतात. माझ्या रिपोर्टात कंपार्टमेंट आणि वाटेचा मूळ दावा साधारण असा असतो:

"आग कुठल्याही एका दुकानात, शोरूममध्ये किंवा फ्लॅटमध्ये लागेल असे धरले आहे. दुकाने व शोरूम आणि निवासी मजले यांच्यामध्ये १२० मिनिटांचा स्लॅब आहे व त्यात रेखांकन क्र. ५ मध्ये दाखवलेल्या बंद शाफ्टव्यतिरिक्त एकही छिद्र नाही. जिना अ व ब यांना तळमजला व पहिल्या मजल्यावर व्यावसायिक भागाकडे एकही दरवाजा किंवा खिडकी नाही. त्यामुळे व्यावसायिक भागात आग असताना निवासी रहिवासी दोन्ही जिन्यांनी उतरू शकतात. एखाद्या फ्लॅटमध्ये आग असल्यास त्या मजल्यावरील रहिवाशांना किमान एक जिना उपलब्ध राहतो, त्याची क्षमता १५० व मजल्यावरील व्यक्ती ३७ आहेत."

बघा, यात प्रत्येक वाक्य रेखांकनावर तपासता येतं. जिथं नियम तंतोतंत पाळता येत नाही तिथं लपवू नका. वेगळा परिच्छेद करा, नियम काय, आपल्याकडं किती, फरक का पडला, त्या बदल्यात काय जास्त दिलं. लपवलेली गोष्ट साइट तपासणीला निघालीच की मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

एकच रिपोर्ट दोन टेबलांवर जातो हेही लक्षात ठेवा. बांधकाम परवाना विभागातले इंजिनिअर जिन्याची रुंदी, समासिक अंतरं, क्षेत्रफळ बघतात. अग्निशमनवाले गाडी कुठं उभी राहणार ते बघतात, सहा मीटरची वाट ४५ टनांची गाडी पेलते का, आणि त्याच वाटेत सेप्टिक टँकचं झाकण आहे का. दोन्ही ठिकाणी गेलेल्या प्लॅनचा नंबर आणि तारीख एकच असावी, एकात जिना ब डावीकडं आणि दुसऱ्यात उजवीकडं असल्या फायली परत येतात.

पाण्याबद्दल मघाशी बोललो नाही पण आपल्या गावापुरतं एक वाक्य घालाच. नळाला पाणी काही दिवसाआड येतं, मग उन्हाळ्यात सोसायटी आगीच्या टाकीतलं पाणी वापरून टाकते. पाणी आधी फायरच्या टाकीत पडेल आणि ती भरून सांडलं की मग घरगुती टाकीत जाईल अशी जोडणी दाखवा, आणि घरगुती पंपाचं सक्शन फायर टाकीत नाही हे सेक्शनमधे दिसू द्या.

एनओसी नंतरची गडबड

प्लॅन मंजुरीच्या वेळची एनओसी ही तात्पुरती, अंतिम एनओसी काम झाल्यावर. या मधल्या काळात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, इंटरनेटवाला, एसीवाला सगळे येऊन लाल रेघेला भोकं पाडून जातात. म्हणून फायर स्टॉपचा आणि दरवाज्यांचा तक्ता साइट इंजिनिअरच्या हातात द्या आणि फॉल्स सिलिंग, शाफ्टची दारं बंद व्हायच्या आधी प्रत्येक नंबरचा फोटो काढायला लावा. शाफ्टमधे वरच्या मजल्यावरून बॅटरी मारायची आणि खालच्या मजल्यावरून बघायचं, उजेड दिसला तर धूरही येणार. फायर डोअर अर्धवट उघडून सोडायचं, स्वतःहून येऊन लॅच लागली पाहिजे, नुसतं टेकून राहिलं तर क्लोजर ताणायचा बाकी आहे.

परवानाधारक एजन्सी काम पूर्ण झाल्याचं फॉर्म अ मधे प्रमाणित करते, आणि नंतर यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म ब दर वर्षी जानेवारी आणि जुलैमधे द्यायचं, ही जबाबदारी मालकाची, वापरणाऱ्याची, सोसायटी झाली की सोसायटीची. फॉर्म ब च्या वेळी एजन्सी पंप चालवून जाते, पण जिन्याच्या दाराला लावलेली वीट, गच्चीच्या दाराचं कुलूप, पॅसेजमधलं चपलांचं कपाट याकडं कुणी बघत नाही. रिपोर्टाच्या शेवटी सोसायटीसाठी एक पानी मराठी सूचना जोडा, त्यात दरवाज्यांचे नंबर आणि लाल-हिरवा प्लॅन द्या, आणि एक गोष्ट ठळक लिहा: शोरूमचा वापर बदलला, गोडाऊन वाढवलं, आतला जिना काढला किंवा लाल भिंतीला हात लावला तर हा रिपोर्ट लागू राहत नाही आणि सुधारित प्लॅन अग्निशमन विभागाकडं परत न्यावा लागतो. नवीन भाडेकरूच्या करारनाम्यात हीच ओळ टाकायला वकिलांना सांगा, कारण भिंत फोडणारा बहुतेक वेळा तोच असतो.